विषय: इनव्हॉइस क्र. ०४७ चे ५०,४०० रुपये बाकी, ड्यू डेट १८ मार्च होती, ६ मेपर्यंत पेमेंट हवंय

नमस्कार मंदार सर,

तुम्ही गडबडीत असाल माहितीये म्हणून आधी मुद्दाच सांगते. ट्रेनिंग व्हिडिओंच्या कामाचं इनव्हॉइस क्र. ०४७ मी ३ मार्चला पाठवलं होतं, त्याचे ५०,४०० रुपये अजून आलेले नाहीत. ड्यू डेट १८ मार्च, आज २९ एप्रिल, म्हणजे ४२ दिवस उलटून गेले. हे पैसे बुधवार ६ मेपर्यंत माझ्या खात्यात जमा व्हायला हवेत, आणि नक्की कुठल्या तारखेला सोडताय ते उद्या संध्याकाळपर्यंत याच मेलला रिप्लाय करून कळवा प्लीज.

खाली जरा सविस्तर लिहिलंय कारण आतापर्यंत आपलं बोलणं थोडं फोनवर, थोडं व्हॉट्सअ‍ॅपवर असं तुकड्यातुकड्यात झालंय, आणि तुम्हाला हा मेल वर किंवा अकाउंट्सला फॉरवर्ड करायचा झाला तर समोरच्याला परत काही विचारायला लागू नये.

हिशोब सरळ आहे. नऊ व्हिडिओंचं एडिटिंग, व्हॉइसओव्हर आणि सबटायटल्स मिळून ८४,००० ठरले होते. त्यातला ४० टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे ३३,६०० तुम्ही २२ जानेवारीला दिलात, तोही मागायला न लावता, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच बाकीच्या पैशांची मला काळजी वाटली नव्हती. उरलेले ६० टक्के फायनल अप्रूव्हल झाल्यावर, इनव्हॉइसच्या तारखेपासून १५ दिवसांत, असं २० जानेवारीच्या माझ्या मेलमध्ये लिहिलंय आणि त्यावर तुमचं 'ओके, सुरू करा' असं उत्तर आहे. तो मेल सोबत जोडलाय.

काम पूर्ण झालंय याबद्दल तर आपल्यात काही वादच नाही. नऊच्या नऊ व्हिडिओ २५ फेब्रुवारीला तुमच्याकडे आले, २७ तारखेला 'सगळे बघितले, फायनल' असा तुमचा मेल आला, तोही जोडलाय. २ मार्चपासून ते तुमच्या ट्रेनिंग पोर्टलवर आहेत आणि नवीन बॅचला तेच दाखवताय असं तुम्हीच फोनवर म्हणालात, टीमला आवडले असंही म्हणालात. ऐकून बरं वाटलं होतं, कारण या कामात मी जीव ओतलाय सर. पाचव्या व्हिडिओत बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एसीची घरघर येत होती आणि परत शूट करायला वेळ नव्हता, तर ती वाक्यावाक्याला जाऊन काढली, नुसता नॉइज फिल्टर मारला असता तर माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला असता. १ मार्चच्या रात्री ट्रेनरचं पदनाम बदलल्याचं तुम्ही कळवलंत, ते नावाच्या पट्टीत नऊही व्हिडिओंमध्ये होतं, म्हणजे प्रत्येक फाइल उघडून बदला, परत एक्स्पोर्ट करा, परत अपलोड करा, आणि सकाळी लाँच. फायनल म्हणून झाल्यानंतरचं होतं तरी त्याचे वेगळे पैसे मी लावले नाहीत आणि आताही मागत नाहीये. पण तुमच्या डेडलाइनला मी जशी उभी राहिले तसं माझ्या ड्यू डेटच्या बाबतीत तुमच्याकडून व्हावं, इतकी अपेक्षा तर रास्त आहे ना.

आता फॉलोअपचं. २० मार्चला मी पहिला रिमाइंडर पाठवला, तुम्ही म्हणालात अकाउंट्सला दिलंय, होऊन जाईल. ३ एप्रिलला परत मेल केला तेव्हा कळलं की डायरेक्टर बाहेरगावी आहेत, सही राहिलीये. १५ एप्रिलला फोनवर बोललो, 'याच आठवड्यात करतो' असा शब्द तुम्ही दिलात. तो आठवडा गेला. २२ तारखेचा माझा मेसेज वाचलेला दिसतोय पण उत्तर नाही. तुमच्या अडचणी असतील, मोठ्या ऑफिसात एक कागद चार टेबलांवरून फिरतो हेही मी समजू शकते. पण प्रत्येक वेळी वेगळं कारण यायला लागलं की नेमकं कुठे अडलंय तेच कळत नाही, म्हणून परवा मी तुमच्या अकाउंट्समध्ये स्वतः फोन केला. त्यांनी नीट बघून सांगितलं की इनव्हॉइस सिस्टीममध्ये चढलंय, व्हेंडर फॉर्म पूर्ण आहे, पीओ नंबर जुळतोय, बँक डिटेल्स व्हेरिफाय झालेत, फक्त डिपार्टमेंटचं अप्रूव्हल पेंडिंग दाखवतंय आणि ते आल्याशिवाय पेमेंटच्या यादीत नाव लागत नाही. डायरेक्टरांची सही या रकमेला लागतच नाही असंही ते म्हणाले. म्हणजे आता सगळं तुमच्या एका अप्रूव्हलवर थांबलंय. त्यांच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेमेंट सुटतात, तेव्हा उद्या तुम्ही अप्रूव्ह केलंत तर या शुक्रवारच्या यादीत बसतं, आणि अगदीच नाही जमलं तर पुढच्या मंगळवारी ५ तारखेला नक्की. ६ मे ही तारीख मी ते विचारूनच लिहिलीये.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मागच्या फोनवर तुम्ही ओझरतं म्हणालात की ज्या प्रोजेक्टसाठी हे व्हिडिओ केले त्याचे पैसे तुम्हाला वरून अजून आले नाहीत. ते लवकर यावेत असं मलाही मनापासून वाटतं, पण माझं काम तुमच्या कंपनीशी ठरलं होतं, आणि तुम्हाला कधी पैसे मिळतात त्यावर माझं पेमेंट अवलंबून असेल असं कुठेही ठरलेलं नव्हतं. तशी अट असती तर मी रेट आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही वेगळे सांगितले असते. या कामात मी एकटी नव्हते. व्हॉइसओव्हर एका आर्टिस्टने केला, सबटायटल्स टाइप करून टाइमिंग जुळवायचं काम दुसऱ्या एकीने केलं, त्या दोघींचे पैसे मी मार्चमध्येच माझ्या खिशातून देऊन टाकले कारण त्यांनी वेळेवर काम दिलं होतं आणि माझं पेमेंट अडकलंय हे त्यांना सांगून थांबवणं मला पटलं नाही. त्यामुळे तुमच्याकडून येणारे हे पैसे म्हणजे नुसती माझी कमाई नाही, त्यातला बराच भाग मी आधीच खर्च करून बसलेय. फ्रीलान्सरला महिन्याच्या एक तारखेला पगार येत नसतो सर, एक मोठं इनव्हॉइस दोन महिने लांबलं की सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, हार्ड डिस्क, घरभाडं सगळंच पुढे ढकलत बसावं लागतं.

दुसऱ्या फेजचं तुम्ही मागच्या आठवड्यात विचारलंत, अजून चार व्हिडिओ आणि सोबत आधीच्या नऊचे एडिटेबल प्रोजेक्ट फाइल्स. काम करायला मला आवडेल, विषय आता माझ्या ओळखीचा आहे आणि तुमच्या टीमशी जमतंही छान. पण ०४७ चं पेमेंट पूर्ण जमा झाल्याशिवाय मी नवीन काम सुरू करणार नाही आणि तारखाही धरून ठेवणार नाही. प्रोजेक्ट फाइल्सचं तर आपल्या मेलमध्येच आहे की फायनल पेमेंटनंतर देईन, त्या तयार आहेत, फोल्डर लावून ठेवलंय, पैसे आले की त्याच दिवशी लिंक पाठवते. पोर्टलवर चालू असलेल्या व्हिडिओंना मी हात लावणार नाहीये, शिकणाऱ्या मुलांचा यात काही संबंध नाही.

लेट फीचं पण सांगून ठेवते म्हणजे नंतर अचानक वाटायला नको. ड्यू डेटनंतर प्रत्येक पूर्ण महिन्याला बाकी रकमेवर दीड टक्का, हे इनव्हॉइसच्या खाली छापलंय आणि २० जानेवारीच्या मेलमध्येही आहे. १८ एप्रिलला एक महिना पूर्ण झाला, त्याचे ७५६ रुपये होतात. ६ मेपर्यंत पूर्ण रक्कम आली तर ते मी सोडून देते, आपले संबंध चांगले आहेत आणि मला ते तसेच राहायला हवेत. ६ तारीख उलटली तर मात्र ७ मेला लेट फी धरून ५१,१५६ चं सुधारित इनव्हॉइस पाठवेन, आणि ते तुमच्यासोबत तुमच्या डायरेक्टरांना आणि अकाउंट्स हेडना पण सीसीमध्ये असेल. १८ मेपर्यंतही काही झालं नाही तर अजून एका महिन्याची फी चढेल आणि मला वकिलामार्फत रीतसर नोटीस पाठवावी लागेल. तिथपर्यंत जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण हातावर हात ठेवून बसणं आता मला परवडणारं नाही.

एकदम पूर्ण रक्कम सोडणं खरंच शक्य नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. २५,२०० आत्ता ६ मेपर्यंत आणि उरलेले २५,२०० १५ मेपर्यंत, असं मला चालेल, तेव्हाही लेट फी लावणार नाही, फक्त दोन्ही तारखा मेलवर लेखी हव्यात, 'बघतो' किंवा 'करून टाकतो' यावर आता थांबता येणार नाही. टॅक्स कापून देणार असाल तर किती कापला ते लिहा म्हणजे माझा हिशोब जुळेल आणि त्याचं सर्टिफिकेट नंतर पाठवा. इनव्हॉइसमध्ये काही चूक वाटत असेल, कुठला व्हिडिओ पटला नसेल, तरी उद्याच सांगा, मी लगेच बघते. आतापर्यंत तसं काही तुमच्याकडून आलेलं नाही म्हणून सगळं मान्य आहे असंच मी धरून चाललेय.

बँक डिटेल्स इनव्हॉइसवर आहेत तेच आहेत, काही बदललेलं नाही. माझ्या नावाने दुसरा खाते नंबर सांगणारा मेल आलाच तर पैसे टाकण्याआधी मला फोन करून खात्री करा. पेमेंट झालं की ट्रान्झॅक्शनचा रेफरन्स नंबर याच मेलवर टाका, मी त्याच दिवशी पावती पाठवते.

सोबत जोडलंय: इनव्हॉइस क्र. ०४७, २० जानेवारीचा अटी ठरल्याचा मेल, २७ फेब्रुवारीचा अप्रूव्हलचा मेल.

उद्या दुपारी तीननंतर मी फोनवर मोकळी आहे, कधीही बोलू शकतो, पण तारीख मात्र मेलवरच लिहा.

आपली,
रेवती
व्हिडिओ एडिटर