गुलाम आणि गिरमिटिया: मॉरिशसच्या उसावरून एक टिपण

गुलामगिरी आणि गिरमिट, म्हणजे मुदतीच्या करारावरची मजुरी, यांत फरक काय, असा प्रश्न मागच्या चाचणीत होता. निम्म्या वर्गाने लिहिलं, 'गिरमिट म्हणजे नाव बदललेली गुलामगिरी.' काहींनी उलट टोक गाठलं, 'मजूर स्वखुशीने गेले.' दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, म्हणून हे टिपण. उदाहरण एकच घेऊ, मॉरिशस.

फ्रेंच अमलात, १७२३ च्या कायद्याने, तिथला गुलाम ही जंगम मालमत्ता होती. मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांची खरेदी-विक्री होई आणि गुलाम आईचं मूल जन्मतःच मालकाचं. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली आणि मळेवाल्यांनी उसाखालची जमीन वाढवत नेली. कामाला हात गुलामांचेच.

१८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली. साम्राज्यभरच्या मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली होती. गुलामांना छदामही नाही. वर 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. सुटका होताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ज्या शेतात फटके खाल्ले तिथे कोण थांबेल?

मालकांनी सोय आधीच लावली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख आले. बहुतेक बिहार आणि तमिळ-तेलुगू मुलखातले, पण मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची माणसंही होती; तिथला मराठी समाज त्यांचाच वंशज. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचंच गिरमिट झालं. मुदत साधारण पाच वर्षं, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. त्यात 'डबल कट': एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. तापाने फणफणून आठवडाभर पडलेल्याचा हिशेब मांडून पाहा. मळा सोडून बाहेर दिसला, जवळ पास नसला, तर तुरुंग. दलालांनी काय सांगून अंगठे घेतले, ते वेगळंच.

फरक मात्र खरा आहे आणि उत्तरात तो यायला हवा. गिरमिटियाला मुदत होती, त्याचं मूल मालकाचं नव्हतं, तक्रारीला दाद क्वचित मिळे पण वाट होती. १८८० नंतर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, तेव्हा जुन्या गिरमिटियांनी साठवलेल्या पैशांतून त्या घेतल्या. मुक्त गुलामांच्या वंशजांपैकी फार थोड्यांना ती संधी मिळाली.

अर्थव्यवस्थेचं म्हणाल, तर १८५० च्या दशकात साखर वर्षाला लाख टनांवर गेली. बेट एकाच पिकावर उभं राहिलं, अन्नधान्य बाहेरून येऊ लागलं. मजुरी दाबून ठेवता येत होती, तोवर मालकाला दुसरं काही पिकवण्याची गरजच नव्हती.

१९१० मध्ये मॉरिशसची भरती थांबली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये ही पद्धतच बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. इतर वसाहतींसाठीची भरती थांबायला १९१७ उजाडलं.