सीनाकाठच्या पूरग्रस्त कुटुंबांसाठी धान्यवाटप : आभार आणि संपूर्ण हिशेब

सर्व दात्यांना, कार्यकर्त्यांना आणि ज्या गावांनी आम्हाला घरचं मानून आत घेतलं त्या गावकऱ्यांना नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या पंधरवड्यात सीना नदीने पात्र सोडलं. परंडा, करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घरात शिरलं. उभी पिकं तर गेलीच, पण घरात साठवलेलं धान्यही गेलं. मागच्या रब्बीची ज्वारी ज्यांनी वर्षभराची म्हणून कणगीत आणि पोत्यांत भरून ठेवली होती, त्यांच्या ज्वारीला चार दिवसांत मोड आले. आम्ही पहिल्यांदा पोचलो तेव्हा एका घरासमोर ती ओट्यावर पसरून ठेवली होती. आंबूस वास सुटला होता. घरातल्या आजी तरीही बरी निघेल तेवढी वेचत होत्या. घरात धान्य असणारी ही माणसं आहेत. त्यांना आपण देतोय ते त्यांच्याकडे कालपर्यंत होतंच, हे पहिल्या दिवसापासून आमच्या मनात पक्कं होतं, आणि पुढचं सगळं नियोजन त्यावरूनच झालं.

२७ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर या काळात ६११ जणांनी देणगी दिली. ११ आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी, ३८६ कुटुंबांच्या घरी धान्य पोचलं. त्याचा पैशापैशाचा हिशेब खाली देत आहोत.

जमा

यूपीआयने ४,६८,३५० रुपये, धनादेश आणि बँक हस्तांतराने २,५५,००० रुपये, रोख (पावती देऊन) १,०१,६४० रुपये.
एकूण जमा : ८,२४,९९० रुपये.

याशिवाय मंगळवेढा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या घरची ६२० किलो मालदांडी ज्वारी आणून दिली. तिची किंमत जमेत धरलेली नाही, पण वजन खालच्या हिशेबात धरलं आहे.

खर्च : धान्य आणि किराणा

ज्वारी ७२ क्विंटल, ३,६०० रुपये क्विंटलने : २,५९,२००
तांदूळ १,९५० किलो, ४२ रुपयांनी : ८१,९००
तूरडाळ १,१७० किलो, १०४ रुपयांनी : १,२१,६८०
शेंगदाणे ३९० किलो, ११० रुपयांनी : ४२,९००
खाद्यतेल, एक लिटरच्या ७८० पिशव्या, १३६ रुपयांनी : १,०६,०८०
गूळ, एक किलोच्या ३९० ढेपा, ४८ रुपयांनी : १८,७२०
मीठ ४०० पुडे, १५ रुपयांनी : ६,०००
काळं तिखट १९३ किलो, ३४० रुपयांनी : ६५,६२०
बेरीज : ७,०२,१०० रुपये.

खर्च : बाकीचा

रिकामी पोती ४००, १४ रुपयांनी : ५,६००
कापडी पिशव्या ४००, १८ रुपयांनी : ७,२००
तोलाई आणि हमाली : ९,६५०
टेम्पोभाडं : २४,५००
ट्रॅक्टरचं डिझेल : ३,२००
पिठाच्या गिरणीच्या मोटरचं वाइंडिंग : ४,८००
पावतीपुस्तकं : १,२००
बँकेचे आकार : ३५४
बेरीज : ५६,५०४ रुपये.

एकूण खर्च ७,५८,६०४ रुपये. शिल्लक ६६,३८६ रुपये.

म्हणजे खर्च झालेल्या शंभर रुपयांतले साधारण साडेसात रुपये धान्याव्यतिरिक्त गेले. कार्यकर्त्यांचं जेवण, चहा आणि दुचाकीचं पेट्रोल यांतलं काहीही तुमच्या देणगीतून झालेलं नाही. ते ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून केलं.

प्रत्येक कुटुंबाला ज्वारी २० किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे, गूळ आणि मीठ प्रत्येकी एक किलो आणि काळं तिखट अर्धा किलो दिलं. बाजारभावाने एका कुटुंबाचा हा शिधा १,८५७ रुपयांचा झाला.

ज्वारीच एवढी का, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या काही दात्यांनी विचारला होता. रेशनवर गहू-तांदूळ येतो, पण या भागातलं रोजचं जेवण भाकरीवर चालतं. वीस किलो गहू दिला असता तर तो कुणी नाकारला नसता, आणि म्हणूनच आपण आधी विचार करायला हवा. संकटात असलेला माणूस समोर येईल ते घेतो. तेव्हा त्याच्या आवडीनिवडीचा मान राखणं हे देणाऱ्याचं काम आहे. काळं तिखटही त्याच हिशेबाने घेतलं. ते बार्शीतल्या एका महिला बचत गटाने चार रात्री जागून कांडून दिलं.

ज्वारीबरोबर दळणाचा प्रश्न आला. नदीलगतच्या दोन वस्त्यांमध्ये मिळून एकच गिरणी, आणि तिची मोटर पाण्याखाली गेलेली. पीठच करून न्यावं असं आधी ठरत होतं. पण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना मोडते. बायकांनीच हे सांगितलं, आणि मोटर दुरुस्त करून घ्यायचं ठरलं. ४,८०० रुपयांत ते झालं. गिरणीमालकांचं स्वतःचं घर पुरात गेलेलं असताना त्यांनी पंधरा दिवस या कुटुंबांचं दळण एक पैसा न घेता दळून दिलं. त्यांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलं आहे.

तूरडाळीसाठी मार्केट यार्डातल्या तीन दुकानांतून भाव आणि नमुने घेतले. सगळ्यात स्वस्त नमुना घरी शिजवून पाहिला. दोन शिट्ट्या जास्त देऊनही कणी राहत होती. ज्यांच्या घरी सरपण ओलं आणि गॅस संपलेला, त्यांना अशी डाळ द्यायची नव्हती. म्हणून किलोमागे सहा रुपये जास्त देऊन मधल्या भावाची घेतली. हा निर्णय आमचा आहे आणि तिन्ही भावपत्रकं फाइलला लावलेली आहेत.

ज्वारीच्या वजनाबद्दल : विकतची ७,२०० आणि आलेली ६२० मिळून ७,८२० किलो. चाळणीत ३४ किलो घट आली, ७,७२० किलो वाटली, ६६ किलो उरली. त्याशिवाय तांदूळ २० किलो, डाळ १२ किलो, शेंगदाणे ४ किलो, तेलाच्या ८ पिशव्या, गुळाच्या ४ ढेपा आणि मिठाचे १४ पुडे उरले. हे सगळं गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या तीन कुटुंबांना दिलं. ती त्या गावची नाहीत म्हणून कुठल्याच यादीत नव्हती.

यादी कशी केली तेही सांगायला हवं. पिकांचे पंचनामे सातबारावरून होतात. ज्याच्या नावावर जमीन नाही तो शेतमजूर, सालगडी, दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहणारी विधवा बाई अशा पंचनाम्यात येत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तीत आधी बायकांबरोबर बसलो, मग ग्रामपंचायतीशी आणि आशाताईंशी बोललो, आणि घरोघरी जाऊन खात्री केली. रेशनकार्ड कुणाकडेही मागितलं नाही. अनेकांची कागदपत्रं वाहून गेली होती आणि ती नाहीत हे पुन्हा पुन्हा सांगायला लावणं बरं दिसत नाही. दोन घरांनी "आमचं भागतंय, पलीकडच्या घरी जास्त गरज आहे" म्हणून यादीतून नाव काढायला लावलं. त्यांना आमचा नमस्कार.

वाटपाला मंडप नव्हता, रांग नव्हती, भाषण नव्हतं. टेम्पो वस्तीच्या तोंडाशी थांबले, पुढे चिखलातून गावातल्याच ट्रॅक्टरवाल्यांनी माल नेला आणि फक्त डिझेल घेतलं. पोती उतरवायला त्या घरांतलीच तरणी मुलं पुढे होती. प्रत्येक वस्तीत वजनकाटा ठेवला होता, ज्याला हवं त्याने आपलं पोतं मोजून घ्यावं म्हणून. बऱ्याच जणांनी मोजलं, आणि ते योग्यच आहे. जेवढं सांगितलं तेवढं मिळालं की नाही हे तपासायचा हक्क दात्याइतकाच त्यांनाही आहे.

या पोस्टसोबत पोत्यांचे, बिलांचे आणि गिरणीचे फोटो आहेत. धान्य घेतानाचा एकही फोटो नाही, कारण आम्ही काढलाच नाही. काही दात्यांनी प्रेमापोटी तशी मागणी केली होती. पण त्या घरातली पोरं उद्या त्याच गावच्या शाळेत जाणार आहेत, त्या घरातल्या मुलींची लग्नं व्हायची आहेत. आपल्या खात्रीसाठी त्यांचे चेहरे आपल्या मोबाइलवर फिरू नयेत. गावांची नावंही याच कारणाने दिलेली नाहीत. काही वस्त्या इतक्या लहान आहेत की वस्तीचं नाव लिहिलं की घर कळतं. सही-अंगठ्याची वही आमच्याकडे कुलपात आहे. ती लेखापरीक्षकांना दाखवली जाईल, प्रसिद्ध केली जाणार नाही. बिलं मात्र सगळ्यांना खुली आहेत : बार्शीच्या कार्यालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत कुणीही येऊन पाहावीत. देणगी दिलेली नसली तरी चालेल.

शिलकीबद्दल : ६६,३८६ रुपये धान्यासाठीच आलेले आहेत, तेव्हा ते धान्यावरच खर्च होतील. ज्या घरांत कमावतं कुणी नाही, एकटी म्हातारी माणसं आहेत, अशी ३४ घरं बायकांनी मिळून सुचवली आहेत. याच भावाने त्यांच्या दुसऱ्या शिध्याला ६३,१३८ रुपये लागतील आणि उरलेल्या ३,२४८ रुपयांत गाडीचं भाडं भागवू. हे वाटप डिसेंबरात होईल आणि त्याचाही हिशेब असाच येईल. कुणाला आपल्या वाट्याची शिल्लक परत हवी असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत कळवावं, ती परत केली जाईल.

पावत्यांबद्दल थोडं. कलम ८०जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर तिलाही नाही. ज्यांनी पॅन दिला आहे त्यांचं १०बीई प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर मे २०२६ अखेरपर्यंत ईमेलने येईल. ज्यांचा पॅन राहिला आहे त्यांनी मार्चच्या आत कळवावा. परदेशातल्या मराठी बांधवांपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांची देणगी बँकेमार्फत घेता आली. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची घेता आली नाही, कारण त्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही. त्यांनी हे समजून घेतलं, त्यांचेही आभार.

आता धान्य पाठवू नये ही विनंती. पाणी ओसरलं आहे, वाफसा आला की रब्बीची पेरणी सुरू होईल आणि लोकांना हाताला काम लागेल. कुणाला मदत करायचीच असेल तर वह्या-पुस्तकं भिजलेल्या मुलांची यादी तिथल्या शिक्षकांनी केली आहे. ती कार्यालयात मिळेल, आणि वस्तू थेट शाळेत पोचवता येतील.

विश्वस्त मंडळ आणि सर्व कार्यकर्ते
बार्शी, २५ ऑक्टोबर २०२५