ॲस्पिरिनचे संश्लेषण: उत्पादनाची टक्केवारी आणि फेरिक क्लोराइड चाचणी

उद्देश: सॅलिसिलिक आम्लाचे ॲसिटिलीकरण करून ॲस्पिरिन तयार करणे, उत्पादनाची टक्केवारी काढणे आणि त्यात मूळ सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे का, हे तपासणे.

C7H6O3 + C4H6O3 → C9H8O4 + CH3COOH

कृती: कोरड्या शंकुपात्रात 2.00 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेऊन धूरकपाटात त्यात 5.0 मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे 5 थेंब घातले. मिश्रण अधूनमधून हलवत 15 मिनिटे 50 ते 60 °से. तापमानाच्या वॉटर बाथमध्ये ठेवले असता घनपदार्थ पूर्ण विरघळला. उरलेल्या ॲनहायड्राइडचे विघटन व्हावे म्हणून थंड पाणी थेंबाथेंबाने मिसळले. या वेळी मिश्रण तापते व ॲसिटिक आम्लाची उग्र वाफ येते, त्यामुळे घाई केली नाही. बर्फात ठेवूनही स्फटिक दिसेनात, तेव्हा काचकांडीने पात्राची आतली बाजू घासली आणि काही क्षणांतच पांढरे स्फटिक धरू लागले. ते बुकनर फनेलवर गाळून, बर्फगार पाण्याने धुऊन वाळवले. कच्च्या उत्पादनाचा थोडा नमुना चाचणीसाठी बाजूला काढून उरलेल्याचे गरम इथेनॉल व पाणी यांतून पुनःस्फटिकीकरण केले.

गणन: सॅलिसिलिक आम्ल 2.00 ÷ 138.12 = 0.0145 मोल, तर ॲनहायड्राइड (घनता 1.08 ग्रॅम/मिली) सुमारे 0.053 मोल असल्याने सॅलिसिलिक आम्ल हाच मर्यादक अभिक्रियाकारक ठरतो. सैद्धांतिक उत्पादन 2.61 ग्रॅम येते. कच्चे उत्पादन 2.31 ग्रॅम (88.5%) आणि शुद्ध, कोरडे उत्पादन 1.86 ग्रॅम (71.3%) मिळाले.

फेरिक क्लोराइड चाचणी: चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी 1 मिली इथेनॉल घेऊन पहिलीत सॅलिसिलिक आम्ल, दुसरीत कच्चे उत्पादन, तिसरीत शुद्ध उत्पादन यांचे मोजके कण घातले; चौथी तुलनेसाठी तशीच ठेवली. प्रत्येकीत 1% फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकताच पहिलीत गडद जांभळा, दुसरीत फिकट पण स्पष्ट जांभळा रंग आला. तिसरी चौथीसारखीच पिवळसर राहिली. फिनॉलमधील हायड्रॉक्सिल गट फेरिक आयनाशी रंगीत संकुल बनवतो. ॲस्पिरिनमध्ये तो गट ॲसिटिलने झाकलेला असल्याने रंग येत नाही. द्रावण ठेवून दिल्यास ॲस्पिरिनचे जलीय विघटन होऊन पुन्हा सॅलिसिलिक आम्ल सुटू शकते, म्हणून निरीक्षण ताबडतोब नोंदवले.

चर्चा: दुसऱ्या नळीतील रंग पाहता 88.5% हा आकडा ॲस्पिरिनचे खरे उत्पादन म्हणून ग्राह्य धरता येत नाही, कारण त्या वजनात न बदललेले सॅलिसिलिक आम्लही आहे. ते नेमके किती, हे या गुणात्मक चाचणीवरून सांगता येणार नाही. कच्च्या आणि शुद्ध वजनांतील फरक मात्र सगळा अशुद्धीचा नव्हे. चाचणीसाठी काढलेला नमुना आणि गाळून निघालेल्या द्रवात विरघळून राहिलेले ॲस्पिरिनही त्यात मोडते. शुद्ध स्फटिक 134 ते 136 °से. दरम्यान वितळले, आणि रंगचाचणीही नकारात्मक असल्याने 71.3% हेच अंतिम उत्पादन म्हणून नोंदवले आहे.