लॅबमधला पहिला महिना

स्नेहल,

आज तुला दुधाच्या लॅबमध्ये महिना झाला. मनापासून शाबासकी!

परवा फॅटच्या थराखाली काळे कण दिसले, तेव्हा आकडा लिहून तू मोकळी झाली नाहीस. ‘असं का?’ विचारलंस आणि नव्या कॅनमधल्या सल्फ्युरिक ॲसिडची घनता स्वतःहून मोजलीस. निघाली १.८२, फॅट मोजायच्या गर्बर टेस्टला २७ अंशांवर १.८०७ ते १.८१२ लागते. ॲसिड कडक असलं की कण करपतात, पातळ असलं की पांढऱ्या गुठळ्या राहतात. दोन्हीकडे फॅट चुकतं, आणि दुधाचा दर फॅटवर ठरतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं. तू त्या पाळीचे सगळे नमुने पुन्हा लावलेस, हे मला सगळ्यात आवडलं.

लॅक्टोमीटरशेजारी थर्मामीटर ठेवायची तुझी सूचनाही लागू केली आहे.

सोमवारी तासगाव, पलूसच्या संकलन केंद्रांवर माझ्यासोबत चल. घाईत फेस बसायच्या आत लॅक्टोमीटर सोडला जातो, हवेमुळे रीडिंग कमी येतं आणि चांगल्या दुधावर पाण्याचा संशय जातो. तुझ्यासारखी नजर तिथे हवी. प्रश्नांची वही आण, गाडी सकाळी साडेपाचला कुपवाडहून निघेल.

– लॅब इन्चार्ज