‘धोटा’: ब्रँडची भूमिका, किंमतश्रेणी आणि दृश्यभाषा

हे टिपण छायाचित्रकार, मजकूर लिहिणारे, विक्री सांभाळणारे आणि विणकरांशी रोज बोलणारे आमचे सहकारी अशा सर्वांसाठी आहे. पहिला संच बाजारात जाण्यापूर्वी प्रत्येकाने ते पूर्ण वाचावे.

आपण कोणासाठी आहोत

आपली ग्राहक साधारण चोवीस ते बत्तीस वर्षांची, पुण्या-मुंबईसारख्या शहरात नोकरी करणारी आणि स्वतःच्या पगारातून स्वतःचे कपडे घेणारी स्त्री आहे. तिच्याकडे दोन-तीन साड्या असतात; एखादी आईने दिलेली, एखादी कोणाच्या लग्नात घेतलेली. त्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या असतात आणि वर्षातून दोनदा बाहेर येतात. ती कधी साध्या दिवशी साडी नेसून कार्यालयात गेली, तर दारातच तिला विचारले जाते, “आज काय विशेष?” विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण साडी हा रोजचा पोशाख राहिलेला नाही, हेच त्या तीन शब्दांतून तिला कळते. ‘धोटा’ या प्रश्नाला उत्तर म्हणून उभा राहतो आहे.

वचन

आपले वचन एका वाक्याचे आहे: *ही साडी सोमवारी नेसण्यासाठी आहे.*

हे वाक्य जाहिरातीपुरते नाही. साडी विणण्याआधी, रंगवण्याआधी आणि विकण्याआधी प्रत्येक निर्णय त्यावर घासून पाहायचा आहे. सोमवारी नेसायची साडी हलकी हवी, म्हणून साध्या सुती साडीचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. ती घरी धुता आली पाहिजे, म्हणून ग्राहकाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक साडी आपण स्वतः एकदा धुणार आहोत; तिची खळ निघेल, कापड आटायचे तेवढे आटेल आणि रंग सुटत असेल तर तो आपल्या बादलीत सुटेल, तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर नाही. फॉल-पिको करूनच साडी पाठवायची, कारण त्यासाठी दुकान शोधण्यात जाणारा शनिवार हाच पुष्कळ जणींच्या बाबतीत साडी न घेण्याचा खरा अडथळा असतो. निऱ्या पहिल्याच प्रयत्नात बसतील असे कापड हवे, आणि लोकलच्या गर्दीतून उतरल्यावरही त्या जागेवर असायला हव्यात.

वचनाचा दुसरा भाग विणकराशी आहे. ‘हातमाग’ हा शब्द आपण फक्त हातमागावर विणलेल्या कापडासाठीच वापरू. साड्यांसह काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून अस्तित्वात आहे. तरीही यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने सर्रास विकला जातो, आणि त्यात सर्वाधिक नुकसान ज्याची दोन दिवसांची मजुरी बुडते त्या माणसाचे होते. म्हणून प्रत्येक साडीवर २००६ मध्ये सुरू झालेले हँडलूम मार्कचे चिन्ह असेल, आणि सोबतच्या पट्टीवर विणकराचे नाव, गाव व विणायला लागलेले दिवस असतील. नाव अर्थातच त्यांच्या संमतीनेच.

पहिल्या वर्षी आपण तीनच ठिकाणी काम करणार आहोत. मंगळगिरीचे सुती कापड घट्ट विणीचे असते आणि त्याचे अंग कोरे व काठ ठसठशीत असतात, त्यामुळे आपल्या रोजच्या साडीचा पाया तेच आहे. महेश्वरहून रेशमी ताण्यावर सुती बाण्याची साडी येईल. ती सुतासारखी मोकळी आणि रेशमासारखी तलम पडते. इलकलहून इरकल येईल, जी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राबताना नेसली गेली. आपल्या तिन्ही साड्यांमध्ये मला तीच सर्वांत जवळची वाटते, कारण ‘रोजची साडी’ ही कल्पना आपण शोधलेली नाही, याची ती साक्ष आहे. ही नावे त्या त्या ठिकाणी विणलेल्या कापडालाच लावायची. दुसरीकडे विणून घेतलेल्या कापडाला ‘महेश्वरी पद्धतीची’ असेही लिहायचे नाही.

किंमत

आपली श्रेणी मधली आहे आणि ती तशीच ठेवायची आहे. सुती साडी २,६०० ते ३,४०० रुपये, इरकल ३,८०० रुपये आणि महेश्वरी ४,८०० रुपये. पाच हजारांच्या वर एकही साडी नसेल. पगार झाल्यावर, घरी कोणाला न विचारता आणि हप्ते न पाडता घेता यावी, ही त्यामागची मोजपट्टी आहे. यापेक्षा महाग केली तर ती पुन्हा कपाटात जाईल. यापेक्षा स्वस्त केली तर मजुरी कापावी लागेल.

हिशेब ग्राहकासमोर मांडायला आपण संकोच करणार नाही. २,९५० रुपयांच्या सुती साडीत सूत आणि रंग यांचे ६००, ताणा लावणे व कांड्या भरणे यांचे १५०, विणकराच्या दोन दिवसांच्या मजुरीचे १,०००, धुणे आणि फॉल-पिको यांचे २००, वेष्टन, वाहतूक व परत येणाऱ्या मालाचे ३५० आणि कराचे सुमारे १४० रुपये आहेत. उरलेल्या ५१० रुपयांत आपले पगार, जागेचे भाडे, छायाचित्रण आणि नफा बसवायचा आहे. हे आकडे पाहिल्यावर सणासुदीच्या मोठ्या सवलती आपल्याला का देता येणार नाहीत, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. सवलत द्यावी लागली तर ती फक्त विणीत दोष राहिलेल्या साडीवर, दोष कुठे आहे ते छायाचित्रात दाखवून द्यायची.

दृश्यभाषा

येथे सर्वांत अधिक काळजी हवी, कारण साडीची छायाचित्रे सवयीनेच वाडा, पितळी दिवा, गजरा आणि नथ यांच्याकडे वळतात. त्या गोष्टी सुंदर आहेत, पण त्यांच्यामुळे साडी पुन्हा सणाची होते आणि आपले वचन चित्रातच मोडते. आपली जागा म्हणजे सकाळी आठचा फलाट, स्कूटरची पार्किंग, बैठकीची खोली आणि डबा उघडलेले टेबल. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायांत बूट किंवा सपाट चपला. ब्लाउजऐवजी शर्ट घातला असेल तरी हरकत नाही. प्रकाश खिडकीचा किंवा रस्त्यावरचा घ्यावा. दिवसभर बसून पडलेल्या चुण्या छायाचित्रातून पुसू नयेत; संध्याकाळी साडी कशी दिसते, हे ग्राहकाला विकत घेण्याआधी दिसायला हवे.

कापडाचे एक जवळून घेतलेले चित्र प्रत्येक साडीसोबत असेलच. सुतातली गाठ आणि विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीमुळे काठाशी पडलेली बारीक छिद्रे त्यात स्वच्छ दिसावीत, कारण त्या हातमागाच्या खुणा आहेत आणि अनेक ग्राहक त्यांना दोष समजून साडी परत पाठवतात. रंग पडद्यावर जसा दिसेल तसाच हातात आला पाहिजे. रंगांची नावे जांभूळ, चिंचोका, ओली वीट, डांबर अशी ओळखीची असावीत.

विणकरांची छायाचित्रे काढताना सुरकुतलेल्या हातांचे कृष्णधवल चित्र नको. त्यांच्याकडे दयेने पाहायला लावणारे चित्र त्यांच्या कौशल्याचा अपमान करते. ते मागावर बसलेले, चेहरा समोर, रंगीत चित्रात आणि नावासह दिसावेत. चित्रणात गेलेल्या वेळेची मजुरी त्यांना विणकामाच्याच दराने द्यायची. मजकुरात ‘वारसा’, ‘नजाकत’ आणि ‘परंपरेचा साज’ हे शब्द टाळावेत आणि त्याऐवजी वजन, लांबी, धुण्याची रीत व विणणाऱ्याचे नाव लिहावे.

पहिल्या संचाची छायाचित्रे निवडताना प्रत्येक चित्र आपल्या कार्यालयाबाहेरच्या दोन नोकरदार मैत्रिणींना दाखवावे. त्यांच्यापैकी एकीनेही “कुठला कार्यक्रम आहे?” असे विचारले, तर ते चित्र बाजूला ठेवून पुन्हा काढावे.