ओंकारच्या 'फक्त उत्तर सांग' या सवयीबद्दल सरांना पत्र

फलटण,
24 ऑगस्ट 2025

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मी आपल्या दहावीच्या संध्याकाळच्या बॅचमधल्या ओंकारची आई. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आपली भेट झाली होती, पण तेव्हा फी आणि वेळापत्रकापलीकडे बोलणं झालं नाही. फोनवर बोलावं असं दोनदा मनात आलं. पण तुमच्या दोन बॅचच्या मधल्या दहा मिनिटांत हे सांगून होणार नाही, आणि घरून फोन केला तर ओंकार शेजारीच असतो. म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं तर माफ करा.

मुलगा अभ्यास करत नाही, अशी तक्रार नाही. करतो. रोज रात्री साडेदहापर्यंत बसतो, तुम्ही दिलेली तीस-चाळीस गणितं संपवतो. पण कसा संपवतो ते मी गेले दोन महिने बघते आहे. गणित वाचतो, अंक उचलतो, सूत्रात टाकतो, मागे उत्तर बघतो. जुळलं की पुढचं. नाही जुळलं तर ग्रुपवर 'किती आलं रे?' असं विचारतो आणि आलेला आकडा वहीत लिहितो. मी समजावायला बसले की त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "आई, लेक्चर नको, फक्त उत्तर सांग."

2 ऑगस्टच्या शनिवार चाचणीचा पेपर आठवत असेल. त्यात अंकगणिती श्रेढीवर एक गणित होतं: 100 ते 200 या दरम्यान 7 ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज काढा. ओंकारने a = 100, d = 7, n = 100 घेतलं आणि सूत्रात घालून उत्तर काढलं 44,650. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, पायऱ्या व्यवस्थित. सर, 100 ते 200 मधल्या सगळ्याच्या सगळ्या संख्या मिळवल्या तरी बेरीज 15,150 होते. त्यातल्या मोजक्याच संख्या घ्यायच्या आणि त्यांची बेरीज तिप्पट? हे त्याला खटकलं नाही. आकडा आला, त्याखाली दोन रेघा मारल्या, संपलं.

त्यात शून्य मिळालं याचं मला काही वाटलं नाही. पण पेपर हातात आल्यावर त्याने काय केलं ते बघा (पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे). लाल पेनने खाली '2107' लिहिलं आणि पेपर फाइलला लावला. मी विचारलं, "हे 2107 कुठून आलं?" तर म्हणाला, "बरोबर उत्तर आहे ते." कुठून आलं, हा प्रश्नच त्याला कळला नाही. मी कागदावर 105, 112, 119 असं 196 पर्यंत लिहून दाखवलं. चौदाच संख्या होतात. पहिली आणि शेवटची मिळवली की 301, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळवली तरी 301, अशा सात जोड्या. ते n भागिले 2 म्हणजे काय, हे त्या जोड्यांत नुसतं डोळ्यांनी दिसतं. त्याने ऐकून घेतलं, म्हणजे मोबाइलकडे न बघता ऐकलं, आणि म्हणाला, "पण हे परीक्षेत विचारत नाहीत ना."

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते, आणि ते आधी माझ्याबद्दल आहे.

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर फरकाला आधी नवाने भागून बघायचं, हे मला नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांनी शिकवलं. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ओंकार सहावीत असताना एकदा शाळा सुटल्यावर शाखेत येऊन बसला होता. त्या दिवशी 270 रुपयांचा फरक होता. मी नवाने भागलं, व्हाउचर चाळली, आणि 630 चं 360 पडलेलं सापडलं. त्याने टेबलावर हनुवटी टेकून विचारलं, "आई, नऊच का? आठ का नाही?" मला माहीत नव्हतं. घरी जायची घाई होती. मी म्हटलं, "तसंच असतं ते." बसमध्ये त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी चिडले.

खरं तर किती सोपं आहे. तिसाचे तीनशे झाले म्हणजे 270 वाढले, सहाशेचे साठ झाले म्हणजे 540 घटले. शेजारच्या घरात सरकलेला अंक दहापट होतो किंवा दहावा हिस्सा उरतो, त्यामुळे वाढ आणि घट दोन्ही नवाच्याच पटीत. हे मी गेल्या वर्षी एकदा कागद घेऊन बसले तेव्हा उमगलं. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतः फक्त उत्तरावर नोकरी केली. तेव्हा पोराला कुठल्या तोंडाने बोलू?

त्यामुळे त्याला 'का' हा प्रश्नच पडत नाही, असं मी म्हणणार नाही. अजूनही पडतो, फक्त गणिताच्या वहीत पडत नाही. आमच्या घरी तीन गाई आहेत, डेअरीला दूध घालायला सकाळी तोच जातो. जुलैत एकदा पावतीवर दर कमी लागला. फॅट तेवढीच होती, 3.8. याने मागच्या आठवड्याच्या पावत्या काढून लावल्या, तर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला उरलेला घन भाग, 8.6 वरून 8.3 वर आली होती. मग तीन दिवस त्याचा ध्यास: संकलन केंद्रावरच्या माणसाला विचार, बाबांना विचार, खुराक बदलला होता का, हिरवा चारा जास्त झाला का, मशीन धुतलं होतं का. त्या तीन दिवसांत तो एकदाही म्हणाला नाही की 'फक्त दर सांगा'.

मग फरक कुठे आहे? माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. गेल्या महिन्यात पाऊस होता म्हणून त्याला न्यायला आले होते आणि वर्गाबाहेर वीसेक मिनिटं थांबले. तुम्ही फार छान शिकवता, हे मी तोंडावर म्हणून सांगत नाही, मला बाहेर उभ्या उभ्या त्रिकोणांची समरूपता कळली. पण एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही गणित घातलं, 'कुणाचं आलं?' असं विचारलं, चार हात वर झाले, उत्तर बरोबर म्हणून त्या मुलांना शाबासकी आणि लगेच पुढचं गणित. एकाचं चुकलं. त्याला तुम्ही म्हणालात, "कसं काढलंस, उठून सांग बरं." तो उठला, मुलं हसली, तो अडखळला. तुम्ही रागावला नव्हता, उलट मदतच करत होता. पण मला तिथे ओंकार दिसला. घरी मीही नेमकं हेच करते. उत्तर बरोबर असलं तर 'शाब्बास', चुकलं तर 'इकडे ये, समजावते'. म्हणजे स्पष्टीकरण कुणाच्या वाट्याला येतं? ज्याचं चुकलं त्याच्या. 'कसं आलं?' हे शब्द ऐकले की माझ्या पोराला कळतं, चुकलं. त्याला समजावून घेणं नको नाही, सर, त्याला उठून उभं राहणं नको आहे. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी दोन्ही एकच झालंय.

म्हणून विनंती करते आहे. तुम्ही शिक्षक आहात, जमेल तेवढंच करा. त्याचं उत्तर बरोबर असेल तेव्हाही अधूनमधून त्याला विचारा, हे कसं आलं. सगळ्यांसमोर लगेच नको, सुरुवातीला वही तपासताना बाकापाशी विचारलंत तरी पुरे. तो 'सूत्राने' म्हणेल. मग तेवढ्यावर सोडू नका.

दुसरं, गृहपाठाची उत्तरं ग्रुपवर रात्री नऊला येतात. ओंकार साडेआठपासून त्याचीच वाट बघत असतो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी टाकता आली तर फार बरं होईल. एका मुलासाठी सगळ्या बॅचची पद्धत बदला म्हणणं आगाऊपणाचं आहे, कळतं मला. पण ती वाट बघणारा तो एकटा नसावा.

आणि चाळीस गणितांचं. मी त्याला तुमच्या परवानगीने रोज बाराच करू देणार आहे, पण त्यातल्या दोन गणितांखाली त्याने चार ओळीत लिहायचं, ही पायरी का केली. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात हे तो मला ऐकवतो, आणि पायऱ्या तर तो आत्ताही लिहितोच. 44,650 वाल्या गणितातही सगळ्या होत्या. त्यामुळे तो मुद्दा त्याच्याशी बोलताना फारसा कामाचा नाही, हे आपलं जाता जाता सांगितलं. उरलेली गणितं न केल्याबद्दल वर्गात त्याला बोलणी बसू नयेत एवढंच बघा. वहीत मी सही करून देईन.

यामुळे दिवाळीपर्यंत त्याचे शनिवारचे गुण उतरतील, याची मला कल्पना आहे. त्याच्या बाबांना ते पटायला दोन रात्री लागल्या. फेब्रुवारीत बोर्ड आहे आणि तू आत्ता प्रयोग करतेस, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डेअरीच्या पावत्यांची गोष्ट त्यांना आठवून दिली तेव्हा म्हणाले, बरं, दिवाळीपर्यंत. तेव्हा गुण घसरले तर आम्ही तक्रार घेऊन येणार नाही. फलकावरच्या पहिल्या दहात त्याचं नाव नसलं तरी चालेल. त्याला काही दिवस चालणार नाही, तेवढं आम्ही घरी सांभाळू.

मी माझ्या बाजूने 'किती पडले?' हा प्रश्न बंद केला आहे. आज एकवीस दिवस झाले. शनिवारी संध्याकाळी फार जड जातं.

आपल्याला वेळ असेल तर रविवारी सकाळी अकरानंतर मी येऊ शकेन. हे पत्र ओंकारला माहीत नाही, त्याच्यासमोर विषय काढू नये ही विनंती. फीचा दुसरा हप्ता याच पाकिटात ठेवला आहे, पावती त्याच्याकडे दिलीत तरी चालेल.

कळावे,
आपली विश्वासू,
सुजाता (ओंकारची आई)

सोबत: 2 ऑगस्टच्या चाचणीतील एका पानाची झेरॉक्स

ता. क.: येत्या शनिवारी, 30 तारखेला, आम्ही गौरींसाठी गावी मोठ्या दिरांकडे जातो आहोत, त्यामुळे तो चाचणीला नसेल. परत आल्यावर त्याची चाचणी घेणार असाल तर कृपया वेगळा पेपर द्या. शनिवारच्या पेपरची सगळी उत्तरं त्याच्याकडे रात्री आठच्या आत पोचलेली असतील.