मागची खोली

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी पुस्तकं निघाली. जेलरोडच्या आमच्या गल्लीत भंगारवाला रोज दहा वाजता येतो. सुनंदानं दोन पोती भरून दारात ठेवली आणि मला म्हणाली, "एकदा हात घालून बघा, नंतर हळहळू नका."

हात घातला तर वरच आईचं शिवणाचं पुस्तक. पुठ्ठा सुटलेला, कडेला मशीनच्या तेलाचे डाग. आई त्यातून ब्लाउजचे कागद बेतायची. पोलक्याच्या बाहीच्या पानावर निळ्या रेघांचा एक कागद घडी करून ठेवलेला होता. मला वाटलं मापं असतील. उभ्याउभ्याच उघडला.

श्री
इंदूर, अनंत चतुर्दशी, शके 1901

चि. कुसुम हीस मालतीचे अनेक आशीर्वाद.
तुझे पत्र पोचले. उत्तराला आठ दिवस लागले त्याचा राग मानू नकोस, ह्यांच्याशी निवांत बोलायला वेळच सापडेना. काल रात्री बोलले. ते म्हणाले, यात विचारायचे काय, ती काय परकी आहे? तेव्हा तू ये. तुझ्या दिरांना काय लिहायचे ते मी बघते. इथे शाळांतून बायका नोकऱ्या करतात, तुझे शिक्षण फुकट जाणार नाही. मागची खोली रिकामी करून ठेवते. आज गणपती गेले, मखराचे सामान माळ्यावर टाकले की तुझी ट्रंक आणि पलंग नीट मावेल. फक्त निघण्याआधी तू

इथे पत्र संपलं होतं. संपलं म्हणजे तुटलं. 'तू'चा उकार खाली ओघळत जाऊन कागदाच्या कडेपर्यंत गेला होता, जसं कुणी लिहिता लिहिता ताडकन उठावं. आणि घडीच्या आतल्या बाजूला एक पिवळा अंगठा. हळदीचा. पुस्तकात मिटून राहिल्यामुळे रंग अजून तसाच होता, अंगठ्याच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या.

मी ओट्यावर बसलो. शके 1901 म्हणजे 1979. मी तेव्हा सात वर्षांचा.

इंदूरच्या माणसाला अनंत चतुर्दशी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संध्याकाळी घरचे गणपती बोळवायचे आणि मग रात्रभर गिरण्यांच्या झांक्या बघायच्या. त्या वेळी गिरण्या चालू होत्या. हजारो दिव्यांनी लखलखलेल्या गाड्या, त्यावर हलणारे हत्ती, पाण्याची कारंजी, पुढे आखाड्यांचे लाठीवाले. माणसं दुपारपासून फुटपाथवर सतरंज्या टाकून जागा धरायची. त्या वर्षी मला कुणी खाली नेईना, म्हणून मी गॅलरीच्या कठड्यावर चढलो. पहिल्या झांकीचे दिवे दिसले, मी पुढे वाकलो आणि आतल्या चौकात पडलो. हनुवटी फरशीवर. तीन टाके पडले, त्यात पू झाला, पंधरा दिवस ताप होता. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती आठवते की ऐकून माहीत आहे, हे मलाच कळत नाही. एक मात्र पक्कं आठवतं. आईनं हळदीची मूठ हनुवटीवर दाबून धरली होती आणि तिच्या बोटांना शाईचा वास येत होता.

शाईचा वास का येत होता, हे मी पंचेचाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे डॉक्टरकडे नेण्याआधी, त्या गडबडीतही, ती एकदा परत आत आली होती. कागद उडू नये म्हणून घडी घालून पुस्तकात ठेवला होता. नंतर पुरं करू म्हणून.

आई जाऊन सहा वर्षं झाली. कुसुममावशी बडोद्यात आहे, दांडिया बाजारात, त्याच दिरांच्या घरी. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचे यजमान गेले आणि ती तिथेच राहिली. दिरांची मुलं तिनं वाढवली, सासूचं आजारपण काढलं. आमच्याकडे मुंजी-लग्नांना यायची, दोन दिवस राहून जायची. दोघी बहिणी बोलायच्या, पण जपून, जसं काचेचं भांडं इकडून तिकडे द्यावं. लहानपणी मला ते शिष्टाचार वाटायचे.

सुनंदा म्हणाली, "आता या वयात सांगून काय करणार? उगाच जखम उकरायची." ती चुकीचं बोलत नव्हती. मी दोन दिवस तो कागद शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. शेवटी वाटलं, पत्र मावशीचं आहे. ते द्यायचं की नाही हे मी ठरवणारा कोण? आणि ते थांबलं माझ्यामुळे, तर पोचवायचंही मीच.

रात्रीच्या गाडीनं निघालो. रतलाम, दाहोद, गोध्रा. सकाळी बडोद्याला उतरलो. मावशी झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण पाठ ताठ.

"अरे श्याम! न कळवता?"

चहा झाला. घरातली मंडळी पांगली तेव्हा मी कागद तिच्या हातात दिला. तिनं चष्मा पुसला. अक्षर बघताच तिचा झोपाळा थांबला. पाय जमिनीला टेकवून तिनं सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे केव्हाचं?"

"मी पडलो त्या रात्रीचं."

ती माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी महिनाभर वाट पाहिली. पोस्टमनची सायकल ओळखता यायची मला. मग मीच कार्ड टाकलं. माझा बेत बदलला, इथे सगळे चांगले आहेत, काळजी करू नकोस. तिनं त्यावर लिहिलं, जशी तुझी इच्छा." थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं, सुटली ती."

"आणि तिला वाटलं असेल, तुला यायचंच नव्हतं."

मावशी काही बोलली नाही. तिनं कागद उलटा केला, हळदीचा अंगठा पाहिला आणि त्यावर आपला अंगठा ठेवला. तो बरोबर बसला नाही. आईचा हात लहान होता.

"मावशी, मी त्या दिवशी कठड्यावर चढलो नसतो तर..."

"वेडा आहेस का? सात वर्षांचं पोर ते." तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. शेंगांचं ताट बाजूला सारलं, टरफलं मुठीत गोळा केली, पुन्हा ताटात टाकली.

बराच वेळ गेला. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. मग तिनं विचारलं, "मागची खोली म्हणजे जिना चढून डावीकडची ना? जिथे गव्हाच्या कोठ्या असायच्या?"

"तीच."

"तिला खिडकी होती का रे? मला आठवत नाही."

"होती. चिंचेच्या बाजूला. सकाळचं ऊन यायचं."

"अजून आहे?"

"पुढच्या महिन्यात पाडतील."

तिनं पत्राची घडी घातली, जशी होती तशीच, जुन्या रेघेवर. उठली, भिंतीचा आधार घेत आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात तिची छोटी हिरवी पिशवी होती, प्रवासाची.

"संध्याकाळी इंदूरला जायला गाडी असेल ना? बघ जरा," ती म्हणाली. "दोन रात्री राहीन. त्याच खोलीत अंथरूण घाल म्हणावं सुनंदाला."